आधी बाटलीचं लेबल दाखवा, मग वर्णन लिहू

प्रश्न : नमस्कार, माझ्या प्रॉडक्टसाठी एक छानसं, आकर्षक डिस्क्रिप्शन लिहून द्या. जरा लवकर हवं होतं.
— एक वाचक

उत्तर :

नमस्कार.

लिहून द्यायला मी तयार आहे, पण आजच्या आज देता येणार नाही. वस्तू कोणती, ती कोण घेणार आणि कुठे विकायला ठेवणार, हे कळल्याशिवाय मी जे लिहीन ते साबणालाही चालेल, साडीलाही आणि लोणच्यालाही. ‘उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर, खास तुमच्यासाठी’ अशा ओळी पाच मिनिटांत होतात. गिऱ्हाईक त्या वाचत नाही, सरळ खाली किंमत बघतं आणि पुढे जातं. तुमचा वेळ आणि माल दोन्ही असे वाया जाऊ नयेत, म्हणून मी वेगळं करतो. माझ्या ओळखीची एक वस्तू घेतो आणि तिचं वर्णन कसं तयार होतं ते तुम्हाला दाखवतो. त्यातून मला तुमच्याकडून काय हवंय ते तुमच्या लक्षात येईल.

वस्तू घेऊ कोकमाचं आगळ, म्हणजे सोलकढीत घालतात तो कोकमाचा खारट रस. समजा, सिंधुदुर्गातलं एक कुटुंब ते तयार करतं आणि ५०० मिलीच्या बाटलीत भरून विकतं. मला निरोप येतो : ‘आगळाचं डिस्क्रिप्शन द्या.’ एवढ्यावर लिहायला बसलो तर काय सुचेल? ‘कोकणची अस्सल चव’, ‘निसर्गाची देणगी’, ‘उन्हाळ्यात थंडावा’. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण ते कोकमाच्या सरबताला लागू पडतं, अमसुलांनाही लागू पडतं. आगळाबद्दल त्यात अवाक्षर नाही.

म्हणून मी आधी बाटली मागवतो. ती शक्य नसेल तर लेबलचे पुढून आणि मागून काढलेले फोटो. त्यात पहिल्यांदा घटकांची यादी वाचतो. कोकम आणि मीठ, एवढंच लिहिलेलं असेल तर ते आगळ. साखर आली की ते सिरप, ज्याला आपण अमृत कोकम म्हणतो. पिकलेल्या कोकमाच्या सालींना मीठ लावून ठेवलं की काही दिवसांत त्यांना रस सुटतो, तो गाळला की आगळ. मीठ आणि आंबटपणा या दोहोंमुळे ते टिकतं. सिरपमध्ये तेच काम साखर करते. रंगाने दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या तर नवख्या माणसाला फरक सांगता येणार नाही, आणि या धंद्यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथेच आहे.

तक्रार कशी येते बघा. सोलकढी कधीतरी हॉटेलात प्यायलेला, पण आगळ घरात कधी न आणलेला माणूस बाटली मागवतो. ग्लासभर थंड पाण्यात चार चमचे टाकतो, ढवळतो आणि तोंडाला लावतो. खारट, आंबट, तोंड वाकडं होईल असं पाणी. त्याची खात्री पटते की माल खराब आहे. तो एक तारा देतो आणि लिहितो, ‘खूप खारट, गोड अजिबात नाही.’ माल उत्तम होता. तो गोड नसतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. खाण्याची वस्तू फोडल्यावर बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत, पण तो रिव्ह्यू मात्र पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दिसत राहतो.

म्हणजे आगळाच्या वर्णनात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे : ‘यात साखर नाही, मीठ आहे. हे सरबताचं सिरप नाही.’ ऐकायला त्यात काहीच आकर्षक नाही. तरी मी ते वरच्या दोन ओळींत बसवीन, कारण चुकीचं गिऱ्हाईक तिथेच थांबतं आणि ज्याला सोलकढी करायची आहे त्याला हवी ती वस्तू सापडल्याची खात्री होते. वर्णनाने विक्री वाढायला हवी हे खरंच, पण घरगुती उद्योगाला चुकीची विक्री न होणंही तितकंच परवडतं.

हे वाक्य मला कुठून मिळालं? घटकांच्या यादीतून आणि गिऱ्हाइकाच्या तक्रारीतून. तुमच्या वस्तूतही असं एक वाक्य नक्की असेल, आणि ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. तुमच्या व्हॉट्सअॅपमध्ये पैसे भरण्याआधी लोकांनी विचारलेले प्रश्न पडून असतील : ‘धुतल्यावर रंग जाईल का?’, ‘लहान मुलांना चालेल का?’, ‘फ्रीजमध्ये ठेवावं लागतं का?’ हे प्रश्न म्हणजे वर्णनाचा कच्चा माल. जो प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, त्याचं उत्तर वर्णनात सगळ्यात वर जायला हवं. आगळवाल्यांना बहुधा तीन गोष्टी विचारतात : सोलकढीला किती घालायचं, तळाला साका बसलाय तो काय आहे, आणि रंग घातलाय का. आता बघा, ‘निसर्गाची देणगी’ यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही.

आता गिऱ्हाईक. बाटली तीच, पण घेणारा बदलला की वर्णन मुळापासून बदलतं, आणि इथेच बहुतेक लोक एकच मजकूर सगळीकडे चिकटवून चुकतात.

पहिली घेणारी समजा गिरगावात किंवा डोंबिवलीत राहणारी, माहेर मालवणकडचं. तिला आगळ म्हणजे काय ते सांगणं म्हणजे तिचा वेळ घेणं. तिला तीनच गोष्टी हव्यात : यंदाच्या कोकमाचं आहे का, दाट आहे का, आणि पाणी किंवा रंग मिसळलेला नाही ना. कोकम उन्हाळ्याच्या शेवटी, पाऊस सुरू होईपर्यंत पिकतं, त्यामुळे तिच्यासाठी ‘यंदाच्या हंगामाचं’ या दोन शब्दांत सगळं येतं, फक्त ते खरं असायला हवं. तिला मी व्हॉट्सअॅपवर एवढंच पाठवीन :

‘यंदाच्या कोकमाचं आगळ तयार आहे. फक्त कोकम आणि मीठ, पाणी नाही, रंग नाही. दाट आहे, त्यामुळे नेहमीपेक्षा जरा कमीच घालून चव बघा. ५०० मिलीची काचेची बाटली. तळाला साका बसतो, हलवून घ्या. दादर आणि ठाण्याला शनिवारी पोचवतो. किती बाटल्या हव्यात ते कळवा.’

यात एकही विशेषण मिरवायला आलेलं नाही. ‘दाट’ हा शब्द आहे, पण त्याच्याशेजारीच त्याचा अर्थ आहे : कमी घाला. ‘हलवून घ्या’ हा तर साक्याबद्दलच्या शंकेचाच जबाब झाला. शेवटी काय करायचं ते सांगितलं आहे, कारण व्हॉट्सअॅपच्या अशा निरोपात खरेदीचं बटण नसतं, तिथे माणूस उत्तर देतो तेव्हाच ऑर्डर होते.

दुसरा घेणारा बंगळूरला किंवा दिल्लीला. गोव्यात सुट्टीला गेला होता, सोलकढी आवडली, आता घरी करून बघायची आहे. याला सुरुवातीपासून सांगावं लागतं आणि तो तुम्हाला ओळखत नाही, म्हणून विश्वासही शब्दांतूनच द्यावा लागतो. त्याच्यासाठी अॅमेझॉनसारख्या ठिकाणचा मजकूर असा असेल :

‘कोकम आगळ, सोलकढीसाठी, बिनसाखरेचं, ५०० मिली.

पिकलेल्या कोकमाच्या सालींना मीठ लावून काढलेला आंबट-खारट रस. हे गोड सिरप नाही. नुसत्या पाण्यात घालून पिऊ नका. एक वाटी नारळाच्या दुधात दीड मोठा चमचा आगळ, थोडा ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घाला, की सोलकढी तयार. आगळात मीठ असल्यामुळे वरून मीठ घालण्याआधी चव बघा. सोलकढी उकळू नका, नारळाचं दूध फाटतं. आमटीला आणि माशाच्या कालवणाला चिंचेऐवजीही वापरता येतं. रंग कोकमाचा स्वतःचा आहे. तळाला बसणारा साका कोकमाच्या गराचा आहे. वापरण्याआधी बाटली हलवा. कोरडा चमचा वापरा. मीठ कमी खाण्याचा सल्ला असलेल्यांनी प्रमाण बेताने ठेवावं.’

शीर्षकाची रचना मुद्दाम तशी आहे. मोबाइलवर लांब शीर्षकाचा पुढचा भागच दिसतो, उरलेला कापला जातो. म्हणून वस्तूचं नाव, ती कशासाठी आणि तिच्यात काय नाही, हे आधी आलं. ब्रँडचं नाव सुरुवातीला घालायचा काही ठिकाणी नियम असतो. तसा असेल तर ते घाला, पण लगेच मागून वस्तू येऊ द्या. आणि एक मोह टाळा. बाहेरची माणसं ‘कोकम सिरप’ किंवा ‘कोकम ज्यूस’ असं शोधतात, म्हणून काही विक्रेते शीर्षकात तेही शब्द कोंबतात. शोधात वस्तू वर येते हे खरं, पण येणारा माणूस गोड सरबताच्या आशेने येतो, आणि आपण पुन्हा त्या एक तारेवाल्या रिव्ह्यूपाशी पोचतो. अशा ठिकाणी वर्णनात फोन नंबर किंवा ‘थेट आमच्याकडून घ्या’ असं लिहायलाही मनाई असते. व्हॉट्सअॅपचा मजकूर जसाच्या तसा तिथे चिकटवला तर या कारणाने तो नाकारला जाऊ शकतो.

मिठाबद्दलच्या त्या शेवटच्या ओळीवर विक्रेते हमखास आडवे येतात. ‘आपणच आपल्या मालाला नावं का ठेवायची?’ म्हणतात. मला ती ओळ काढायला अजिबात आवडणार नाही. ज्याला रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलंय, त्याला हे बाटली घेण्याआधी कळायला हवं. आणि जो विक्रेता स्वतःहून हे सांगतो, त्याच्या ‘रंग घातलेला नाही’ या वाक्यावरही लोक विश्वास ठेवतात.

तिसरा घेणारा मालवणी जेवणाची खानावळ चालवणारा. त्याला कृती सांगायला गेलात तर तो फोन ठेवून देईल. त्याला पाच लिटरचा कॅन आहे का, एका लिटरमधून अंदाजे किती वाट्या सोलकढी निघते, प्रत्येक खेपेला आंबटपणा सारखाच राहतो का, आणि वर्षभर पुरवठा होईल का, एवढंच कळायला हवं. त्याला वर्णन नको, दरपत्रक हवं. वरच्या प्रमाणाने हिशेब केला तर एक मोठा चमचा म्हणजे १५ मिली, दीड चमचा म्हणजे साधारण २२ मिली, म्हणजे एका लिटरमधून चाळीस-पंचेचाळीस वाट्या. हा एक आकडा त्याच्या दृष्टीने पानभर मजकुरापेक्षा कामाचा. मात्र तुमचं आगळ किती दाट आहे त्यावर तो बदलतो, म्हणून स्वतः करून मोजा आणि मगच लिहा.

आता काय लिहू नये, याबद्दल थोडं. खाण्याची वस्तू असेल तर मी इथे फार काटेकोर असतो. कोकमात हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं आणि वजन उतरवण्याच्या गोळ्यांच्या जाहिरातींत त्याचं नाव सारखं येतं. त्यावरून ‘वजन घटवा’, ‘पित्तावर रामबाण’, ‘शुगर कंट्रोल’ असं आगळाच्या बाटलीवर छापायचा मोह होतो. छापू नका. अन्नाबद्दल दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लठ्ठपणा आणि मधुमेह हे तर १९५४ च्या औषधी व चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींविषयीच्या कायद्यातल्या यादीतच आहेत. आपली आजी आगळ पित्तावर द्यायची, हे घरात सांगायला हरकत नाही. विकायच्या बाटलीवर तो दावा होतो.

‘होममेड’ या शब्दाचंही तेच. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांविषयीच्या नियमावलीप्रमाणे, गिऱ्हाइकाचा गैरसमज होईल अशा रीतीने तो वापरता येत नाही. शेडमध्ये दहा बायका काम करतात, गाळायला यंत्र आहे आणि वर ‘घरच्या घरी केलेलं’ लिहिलंय, हे चालणार नाही. त्यापेक्षा ‘आमच्या गावातल्या दहा बायका हे आगळ तयार करतात’ असं खरं तेच लिहा. मला विचाराल तर हे वाक्य जास्त जवळचंही वाटतं. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, पण ते चिन्ह बाटलीवर लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. गाव तिथलं आहे एवढ्यावर ते लावता येत नाही.

आणि काही गोष्टी सुंदर असोत-नसोत, द्याव्याच लागतात. पॅकबंद वस्तू ऑनलाइन विकताना सर्व करांसह किंमत, निव्वळ वजन किंवा माप, तयार करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क हे त्या पानावर दिसायला हवं. २०१८ पासून वैधमापन नियमांत हे आलेलं आहे. अॅमेझॉनसारख्या ठिकाणी यासाठी वेगळे रकाने असतात, ते भरा, वर्णनात भरती करू नका. खाद्यपदार्थाला एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक लागतो. ही माहिती विक्रेत्याकडून आली नाही की मजकूर तयार असूनही लिस्टिंग अडकून पडतं, आणि दोष वर्णनाला दिला जातो.

आता तुमच्या वस्तूकडे येऊ. मला टाइप केलेला मोठा मजकूर नको. तीन गोष्टी पाठवा. लेबलचे पुढून-मागून फोटो. लेबल नसेल तर वस्तू हातात धरून काढलेला फोटो, म्हणजे आकार कळेल. गिऱ्हाइकांनी विचारलेले प्रश्न आणि केलेल्या तक्रारी, त्यांच्याच शब्दांत, स्क्रीनशॉट काढून पाठवलेत तरी चालेल. त्यांची नावं आणि नंबर तेवढे झाकून टाका. आणि मजकूर कुठे लागणार आहे ते : व्हॉट्सअॅप कॅटलॉग, अॅमेझॉन, इन्स्टाग्राम, प्रदर्शनातलं कार्ड की दुकानातली पाटी. दोन ठिकाणी लावायचा असेल तर दोन्ही सांगा, मी दोन वेगळे मजकूर करीन.

अजून एकही गिऱ्हाईक झालेलं नसेल तर प्रश्न कुठून आणायचे, असं वाटेल. तर मग वस्तू शेजारच्या घरात द्या, जिथे ती कुणी वापरलेली नाही अशा घरात, आणि काही न सांगता वापरू द्या. ते कुठे अडतात, काय चुकीचं करतात, काय विचारतात ते बघा. आगळ असं दिलंत तर कुणीतरी पहिल्या पाच मिनिटांत ते पाण्यात घालेलच. तुमच्या वस्तूचं काय होतं ते मला लिहून पाठवा. एका वेळी एकच वस्तू पाठवा. दहा वस्तू असतील तर सगळ्यात जास्त प्रश्न जिच्याबद्दल येतात ती आधी. तुमचं पत्र मिळालं की पुढच्याच सदरात तुमचं वर्णन पूर्ण लिहून देतो.